कारखान्यातील वडिलांची साठी : मानपत्र लिहिताना

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात २०२६ मध्ये साठ वर्षे पूर्ण करणारी पिढी ही १९६६ च्या आगेमागे जन्मलेली, सातारा, सोलापूर, मराठवाडा किंवा खानदेशातल्या गावातून दहावी होऊन निघालेली आणि आयटीआयचे प्रमाणपत्र हाती घेऊन आकुर्डी, भोसरी किंवा पिंपरीच्या फाटकांशी उभी राहिलेली पिढी आहे. अशा वडिलांच्या साठीला मुले सभागृह ठरवतात, उग्ररथ शांतीचे गुरुजी ठरवतात, जेवणाचा बेत ठरवतात. आणि मानपत्र, म्हणजे सत्काराच्या वेळी मोठ्याने वाचून मग चौकटीत घालून दिले जाणारे गौरवाचे लेखन, मात्र आदल्या आठवड्यात छापखान्यातल्या तयार मजकुरावर नाव बदलून घेतले जाते. ‘कष्टाळू’, ‘मनमिळाऊ’, ‘कुटुंबवत्सल’ ही विशेषणे कोणाच्याही वडिलांना लागू पडत असल्यामुळे ती त्या एका माणसाविषयी काहीच सांगत नाहीत. कारखान्यात आयुष्य घालवलेल्या वडिलांचे मानपत्र केवळ त्यांचेच ठरावे यासाठी माहिती कशी जमवावी, तिच्यातले काय घ्यावे आणि पुढच्या मोकळ्या काळाविषयी काय म्हणावे, याचा विचार पुढे केला आहे.

साठीची तारीख नक्की करणे हे यातले पहिले काम असून ते वाटते तितके सरळ नाही. शालिवाहन शकाच्या प्रत्येक वर्षाला साठ नावांच्या चक्रातले एक नाव असते आणि त्या नावाच्या वर्षाला संवत्सर म्हणतात. गुरूची सूर्याभोवतीची सुमारे बारा वर्षांची आणि शनीची सुमारे तीस वर्षांची प्रदक्षिणा साठ वर्षांत जवळजवळ एकाच जागी येऊन जुळते, तेवढीच या चक्राची लांबी आहे. शके १८८८ चे संवत्सर पराभव हे होते आणि १९ मार्च २०२६ च्या गुढीपाडव्याला सुरू होणाऱ्या शके १९४८ चे संवत्सरही पराभवच आहे, म्हणजे १९६६ च्या पाडव्यानंतर जन्मलेल्या माणसाला त्याच्या जन्मवर्षाचे नाव आयुष्यात पहिल्यांदा परत भेटते. षष्ट्यब्दीपूर्तीचा, म्हणजे साठ वर्षे पुरी झाल्याचा सोहळा या परतीचा आहे. बहुतेक घरांत तो तिथीने करतात, आणि २०२६ मध्ये येथे एक अडचण येते, कारण १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. ज्यांचा जन्म ज्येष्ठातला आहे त्यांची तिथी त्यानंतरच्या निज ज्येष्ठात धरली जात असल्याने जून १९६६ च्या दुसऱ्या आठवड्यात, ज्येष्ठ वद्य सप्तमीला जन्मलेल्या माणसाचा तिथीचा वाढदिवस या वर्षी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. सभागृह जूनमध्ये आणि शांती जुलैमध्ये असा घोळ टाळण्यासाठी पंचांग आधी पाहिलेले बरे.

दुसरी अडचण कागदावरच्या जन्मतारखेची आहे. गावात शाळेत नाव घालताना मूल कधी जन्मले हे नक्की माहीत नसले की गुरुजी १ जून लिहीत, आणि या पिढीतल्या असंख्य माणसांच्या दाखल्यावर, पुढे नियुक्तीपत्रावर आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर तीच तारीख चालत आली. नोकरीतून निवृत्ती या कागदी तारखेनेच होते. आजी हयात असेल तर तिला, नसेल तर आत्याला किंवा गावातल्या सर्वांत वयस्क नातेवाइकाला ‘जन्म झाला तेव्हा शेतात काय चालले होते, पालखी गेली होती की यायची होती, नांगरट झाली होती का’ असे विचारले तर महिना आणि बऱ्याचदा पंधरवडासुद्धा हाती येतो. खरी तिथी सापडली तर ती मानपत्रात लिहावी. कागदावर ज्याला शाळेने १ जून दिला त्याला घरच्यांनी त्याचा खरा दिवस परत मिळवून देणे हा गौरवाचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत निवृत्तीचे वय ५८ आहे, काहींत ते ६० आहे. ज्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोपाचा नारळ मिळाला त्यांची साठी निवृत्तीनंतर दोन वर्षांनी येते, आणि तोवर पहिले सहा महिने पहाटे साडेचारला जाग येण्याचे, नंतर ओळखीच्या वर्कशॉपमध्ये चार तास बसण्याचे किंवा गावच्या शेतात पुन्हा हात घालण्याचे टप्पे होऊन गेलेले असतात. म्हणून साठीचे मानपत्र हे निरोपाच्या समारंभातल्या भाषणाची नक्कल असू नये. ‘आजपासून आपण निवृत्त होत आहात’ अशा वाक्याने सुरू झालेले मानपत्र त्यांची गेली दोन वर्षे पुसून टाकते.

यानंतर कामाच्या वर्षांची जुळणी करायची, आणि ती आठवणींवरून न करता कागदांवरून सुरू करावी. जवळपास प्रत्येक कामगाराच्या घरात पत्र्याच्या पेटीत किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक फाईल असते. तिच्यात आयटीआयचे प्रमाणपत्र, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली केलेल्या उमेदवारीचे प्रमाणपत्र, तात्पुरत्या नेमणुकांच्या चिठ्ठ्या, कायम केल्याचे पत्र, जुन्या वेतनचिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीच्या वार्षिक पावत्या, सूचना योजनेतली बक्षिसे, सुरक्षा सप्ताहाची प्रशस्तिपत्रे आणि शेवटी सेवा प्रमाणपत्र असते. हे सगळे तारखेप्रमाणे जमिनीवर मांडले तर आयुष्याचा कणा एका दुपारीत दिसतो. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर सेवेचा इतिहास पाहता येतो, पण सर्व नोकऱ्यांना जोडणारा एकच क्रमांक २०१४ पासून मिळू लागल्यामुळे त्याआधीची, विशेषतः मधल्या छोट्या नोकऱ्यांची नोंद तेथे पुष्कळदा सापडत नाही. तेवढ्यासाठी कागदच पाहावे लागतात.

तात्पुरत्या नेमणुकांच्या चिठ्ठ्यांकडे मुलांचे बहुधा दुर्लक्ष होते, आणि खरी गोष्ट तेथेच असते. सलग बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की कामगार कायद्याने ती एक वर्षाची अखंड सेवा ठरते व कायमपणाचा हक्क पुढे येतो, म्हणून त्या काळी सात महिन्यांची नेमणूक, मग ब्रेक, मग पुन्हा दुसरीकडे सात महिने असा क्रम सर्रास चाले. ज्या वडिलांनी अशी चार-पाच वर्षे काढली त्यांच्या लेखी नियुक्तीच्या दिवसापेक्षा ‘परमनंट’ झाल्याचा दिवस मोठा असतो. लग्न, प्राधिकरणातल्या घरासाठीचा अर्ज, धाकट्या भावाला गावाहून आणणे हे सगळे त्या पत्रानंतर घडलेले असते. मानपत्रात दोन्ही तारखा असाव्यात आणि त्यांच्यामधले अंतर स्पष्ट शब्दांत सांगावे.

कागदांतून कणा मिळाला की त्यावर मांस चढवण्यासाठी वडिलांशी बोलावे लागते, आणि येथे बहुतेक मुलांची गाडी अडते, कारण ‘तुमच्या नोकरीविषयी सांगा’ असे म्हटल्यावर वडील ‘काय सांगायचं, काम केलं’ एवढेच म्हणतात. प्रश्न यंत्राचा, मापाचा आणि वाटेचा असावा. पहिले मशीन कोणते होते, त्यावर कोणता पार्ट चालत होता, पाळीला किती नग निघत, कोणत्या मापावर पार्ट रिजेक्ट होई, मशीन शिकवले कोणी, हे विचारले की उत्तर थांबत नाही. जुन्या वाटेने त्यांना घेऊन जाणे याहूनही उपयोगी पडते. निगडीहून आकुर्डीकडे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाताना किंवा भोसरीतून मोशीमार्गे चाकणकडे जाताना कंपनीची बस कोठे थांबत होती, पावसात पाणी कोठे साचत होते, संपाच्या दिवसांत मंडप कोठे होता, हे ते न विचारता सांगू लागतात. संभाषण मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे, पण त्यांना विचारून करावे, आणि एका बैठकीत सगळे संपवण्याचा हट्ट धरू नये.

येथे एक उदाहरण तपशिलात घेऊ. ते नमुन्यादाखल कल्पिलेले आहे, पण त्यातला क्रम या भागातल्या हजारो घरांत ओळखीचा आहे. समजा, वडिलांचा जन्म १९६६ च्या ज्येष्ठ वद्य सप्तमीचा, टर्नर ट्रेडमधून आयटीआय १९८४ मध्ये पूर्ण, एक वर्ष शिकाऊ उमेदवारी, १९८५ ते १९९० तात्पुरत्या नेमणुका, १९९० मध्ये आकुर्डी परिसरातल्या वाहनाच्या कारखान्यात कायम, पुढे काम चाकणला हलल्यामुळे २००७ पासून तेथे, आणि २०२४ मध्ये निवृत्ती. ही हलवाहलव कोणा एकाची नव्हती. १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून या भागाचे औद्योगिक रूप घडू लागले, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भूखंडांची आखणी वेगाने झाली, आणि १९९० नंतर वाहनउद्योगाचा भर हळूहळू चाकणकडे सरकला. बजाज ऑटोने आकुर्डीतले वाहनउत्पादन २००७ मध्ये थांबवले तेव्हा त्या फाटकाभोवती उभे राहिलेले एक आख्खे जग बदलले. वडिलांचे वैयक्तिक वर्ष आणि भागाचे वर्ष असे शेजारी ठेवले की नातवंडांना आजोबांची बदली ही नुसती बदली वाटत नाही.

टर्नर म्हणजे लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून त्यावर पात्याने कापणाऱ्या यंत्रावर काम करणारा कारागीर. त्याचे कौशल्य टॉलरन्समध्ये, म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा जास्तीत जास्त किती कमी-अधिक चालेल त्या मर्यादेत राहण्यात असते. शाफ्टचा व्यास दोन शतांश मिलिमीटरच्या आत राखायचा असेल, तर ही मर्यादा माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही लहान आहे, आणि ती पाळीतल्या पहिल्या नगाला तशीच शेवटच्या नगालाही सांभाळावी लागते, पाते झिजत असताना आणि यंत्र तापत असतानासुद्धा. ‘अत्यंत काटेकोर’ हे विशेषण लिहिण्याऐवजी हे माप लिहिले तर सभागृहातल्या ज्या माणसाने कधी लेथ पाहिला नाही त्यालाही काटेकोरपणा म्हणजे काय ते कळते, आणि ज्याने पाहिला आहे तो मान डोलावतो. वेल्डर असेल तर सांध्याची, पेंटशॉपमध्ये असेल तर थराच्या जाडीची, स्टोअरमध्ये असेल तर साठ्याच्या जुळणीची, ड्रायव्हर असेल तर किलोमीटरची अशीच एखादी मोजता येणारी गोष्ट शोधावी.

दुसरी मोजता येणारी गोष्ट पाळीची आहे. तीन पाळ्या आठवड्याने बदलत असतील तर दर तीन आठवड्यांतला एक आठवडा रात्रपाळीचा असतो, म्हणजे १९९० ते २०२४ या ३४ वर्षांतल्या कामाच्या आठवड्यांपैकी एक तृतीयांश, आयुष्यातली सुमारे अकरा वर्षे त्या माणसाने रात्री जागून काढली. हा हिशेब केल्यावर अनेक घरांत शांतता पसरते, कारण तो आधी कोणी केलेला नसतो. अर्थात वडिलांच्या खात्यात पाळ्या खरोखर तीन होत्या की दोन, जनरल शिफ्ट किती वर्षे होती, हे विचारूनच आकडा लिहावा. फुगवलेला आकडा बरोबरच्या कामगारांसमोर वाचला गेला तर पूर्ण मानपत्रावरचाच विश्वास जातो.

या सामग्रीतून कामाचा परिच्छेद कसा लिहावा ते असे. ‘आपण अहोरात्र कष्ट उपसून कंपनीच्या प्रगतीत मोलाचा वाटा उचललात’ याऐवजी पुढील मजकूर ठेवून पाहावा : ‘१९८४ मध्ये आपण शिकाऊ टर्नर म्हणून पहिली हजेरी लावलीत. पाच वर्षे सात-सात महिन्यांच्या नेमणुकांवर काढल्यानंतर १९९० मध्ये आपण कायम झालात. शाफ्टचा व्यास दोन शतांश मिलिमीटरच्या आत राखणे हे आपले रोजचे काम होते, आणि पाळीचा पहिला नग स्वतः मापल्याशिवाय आपण दुसरा लावत नव्हतात, ही आठवण आपल्यासोबत काम केलेल्या तिघांनी वेगवेगळी सांगितली. २००७ मध्ये काम चाकणला गेले तेव्हा वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी आपण सीएनसी यंत्र शिकलात. त्या वेळी आज्ञा लिहून घेतलेली वही अजून घरात आहे.’ सीएनसी म्हणजे संगणकीय आज्ञांवर चालणारे यंत्र. या मजकुरात एकही स्तुतीचा शब्द नाही आणि तरी ऐकणाऱ्याला माणूस कळतो. पूर्ण मानपत्र साडेतीनशे ते चारशे शब्दांचे असले म्हणजे ते सावकाश वाचायला तीन-चार मिनिटे लागतात. त्याहून लांब झाले की श्रोते ऐकायचे सोडतात आणि वडील अवघडतात.

सोबत्यांची साक्ष वर आली आहे, ती मिळवण्यासाठी दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांना भेटावे किंवा फोन करावा, आणि ‘वडिलांचा स्वभाव कसा होता’ असे न विचारता ‘त्यांनी केलेली एक गोष्ट सांगा’ असे विचारावे. भोसरी परिसरातल्या लहान कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, ती विजेच्या मागणीची विभागणी व्हावी म्हणून पडलेली पद्धत आहे. तेव्हा तिथे काम करणारे किंवा तिथे आता वर्कशॉप चालवणारे जुने सहकारी रविवारच्या कार्यक्रमाला येऊ शकतीलच असे नाही. त्यांचे येणे महत्त्वाचे वाटत असेल तर गुरुवारची संध्याकाळ ठेवावी.

सगळेच वडील कायम कामगार नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. चाकण भागात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत एकाच फाटकातून आत जाऊनही पाच-सहा ठेकेदारांची नावे असतात. अशा माणसाच्या मानपत्रात कंपनीचे नाव मिरवण्यापेक्षा कामाचे नाव पुढे आणावे, कारण मालक बदलले तरी हातातले काम तेच होते. ज्यांनी २००० च्या सुमारास स्वेच्छानिवृत्ती घेऊन रिक्षा, किराणा किंवा दोन लेथचे शेड उभे केले, त्यांच्या बाबतीत स्वेच्छानिवृत्तीचा तो दिवस लपवू नये, पण त्याचा उल्लेख करावा की नाही हे त्यांनाच विचारावे. संप, निलंबन, युनियनमधली फूट, अपघातात गेलेले बोट या गोष्टींनाही हाच नियम लागू आहे. काही वडिलांना संपातले दिवस आयुष्यातले सर्वांत अभिमानाचे वाटतात, काहींना त्यांचा उल्लेख नको असतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला यातले काय असेल याचा अंदाज करता येत नाही.

‘कधी रजा घेतली नाही’, ‘कधी थकले नाहीत’ ही वाक्ये मात्र कोणाच्याही मानपत्रात नसावीत असे ठामपणे म्हणावेसे वाटते. ती बहुधा खरी नसतात, आणि खरी असली तरी त्यांतून मुलाच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी, आईच्या आजारपणात, बहिणीच्या बाळंतपणात तो माणूस हजर नव्हता एवढेच सिद्ध होते. उलट ज्या दिवशी त्यांनी ओटी, म्हणजे जादा वेळेचे काम, सोडून घरी येणे निवडले असा एखादा प्रसंग असला तर तो लिहावा.

तीन पाळ्यांचे घर एकट्याने चालत नाही. पहाटेच्या बससाठी चार वाजता डबा करणे, रात्रपाळीनंतर ते झोपले असताना दुपारभर मुलांना आवाज न करता खेळवणे, पगार उशिरा झाला त्या महिन्यात दुकानदाराला थांबवणे हे सारे आईने केलेले असते. तिचा उल्लेख शेवटच्या ओळीत ‘सौभाग्यवतींची समर्थ साथ’ अशा पठडीतल्या शब्दांत उरकण्याऐवजी कामाच्या परिच्छेदाच्या आतच करावा, म्हणजे पाळीचा हिशेब सांगताना त्या पाळीच्या भोवती घराने आपले घड्याळ कसे फिरवले हेही एका वाक्यात सांगावे. साठ दिव्यांनी औक्षण होते तेव्हा अनेक घरांत आई त्यांच्या शेजारीच पाटावर बसलेली असते. मानपत्रातली तिची जागाही तशी शेजारी असावी.

आता पुढच्या काळाविषयी. ‘आता निवांत आराम करा’ हे वाक्य वडिलांना फारसे आवडत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले आर्थिक आहे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू असलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत निदान दहा वर्षे सेवा झालेल्याला ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतन मिळते, परंतु ते सर्वसाधारणपणे प्रत्यक्ष पगारावर न निघता कायद्याने ठरवलेल्या मर्यादित वेतनावर निघते, आणि ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १५,००० रुपये, त्याआधी ६,५०० रुपये होती. सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागायचे, असे त्याचे सूत्र असल्याने तीस वर्षे कायम नोकरी केलेल्याचेही निवृत्तिवेतन बहुधा काही हजारांतच बसते. घर भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या रकमेवर टिकते. म्हणून ज्या मुलांना वडिलांना खरोखर मोकळे करायचे आहे त्यांनी कार्यक्रमाआधी त्यांच्यासोबत बसून दरमहा येणारी रक्कम आणि खर्च लिहून काढावा, निवृत्तिवेतनासाठी वर्षातून एकदा द्यावा लागणारा हयातीचा दाखला कधी दिला ते पाहावे, आणि वर्कशॉपमधली चार तासांची नोकरी ते आवडीने करतात की गरजेने, हे समजून घ्यावे. उत्तर ‘गरजेने’ असेल तर मानपत्रात स्वातंत्र्याचे स्वागत करण्याआधी घरातल्या खर्चाची नव्याने वाटणी झाली पाहिजे.

दुसरे कारण असे की चाळीस वर्षे घड्याळावर चाललेल्या माणसाला रिकामा वेळ ही भेट वाटत नाही; त्याला नोकरीमुळे जे करता आले नाही ते करण्याची मुभा हवी असते. या भागापुरते एक उदाहरण फार बोलके आहे. देहूहून तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. तुकोबांच्या पालखीचा आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्काम असतो. आकुर्डी, निगडी, चिंचवडच्या कामगाराने आयुष्यभर ही पालखी दारातून जाताना पाहिली, पाळी संपवून मुक्कामी दर्शन घेतले, फार तर एखाद्या सुट्टीला पुण्यापर्यंत चालून पाहिले. पण पंढरपूरपर्यंतच्या पायी वारीला अडीच-तीन आठवडे लागतात आणि तेवढी सलग रजा उत्पादनाच्या दिवसांत मिळत नाही. २०२६ मध्ये अधिक मासामुळे पालख्या जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात निघून २५ जुलैच्या आषाढी एकादशीला पंढरपुरात पोहोचतात. वरच्या नमुन्यातल्या वडिलांची तिथी नेमकी प्रस्थानाच्या दिवशीच येते, तेव्हा त्यांची इच्छा वारीची असेल तर शांती आणि सत्कार चार दिवस आधी उरकून त्यांना मोकळे करावे, आणि मानपत्रात एवढेच लिहावे : ‘यंदा आपण देहूहून निघाल, तेव्हा परतीची तारीख कोणी विचारणार नाही.’ ज्यांची इच्छा वारीची नाही त्यांची दुसरी काही असेल, गावच्या विहिरीची, हार्मोनियमची, गडकोटांची. ती शोधून एकच लिहावी. चार-पाच गोष्टींची यादी लिहिली की ती पुन्हा कामाची यादी होते. आणि ‘आता नातवंडांचा सांभाळ हाच आपला आनंद’ हे वाक्य त्यांना विचारल्याशिवाय मुळीच लिहू नये. ती पुष्कळदा मुलांचीच सोय असते.

कार्यक्रमाच्या दिवशी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. प्रेस शॉप, फोर्ज, इंजिन टेस्टिंग अशा विभागांत अनेक वर्षे काढलेल्या माणसाच्या कानांवर गोंगाटाचा कायमचा परिणाम झालेला असू शकतो. कारखाने कायदा, १९४८ याच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला होता. या बहिरेपणात आवाज येतो पण शब्द उलगडत नाहीत, कारण उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. म्हणून स्त्रियांचे व लहान मुलांचे बोलणे आणि गर्दीतले बोलणे समजायला सर्वांत कठीण जाते. दूरदर्शनचा आवाज वाढवणे, दोघे एकदम बोलत असताना गप्प बसणे, प्रश्नाला हसून मान हलवणे ही याची घरात दिसणारी लक्षणे आहेत आणि ती दिसत असतील तर कानाची तपासणी साठीच्या खर्चातच धरावी. अशा माणसासमोर घुमणाऱ्या सभागृहात मोठ्या ध्वनिक्षेपकावरून सात वर्षांच्या नातीने मानपत्र वाचले, तर ज्याच्यासाठी ते लिहिले त्यालाच ते कळत नाही आणि तो सर्वांच्या टाळ्यांसोबत टाळी वाजवतो. वाचणाऱ्याने समोर दीड-दोन मीटरवर, तोंडावर उजेड पडेल असे उभे राहावे, संगीत बंद ठेवावे, सावकाश वाचावे, आणि मोठ्या अक्षरातली एक प्रत वडिलांच्या हातात आधीच द्यावी.

मसुदा निदान आठ दिवस आधी वडिलांना दाखवावा. अचानक दिलेल्या आनंदापेक्षा चुकीचे साल, विसरलेल्या सोबत्याचे नाव किंवा त्यांना नको असलेला एखादा उल्लेख दुरुस्त होणे अधिक मोलाचे आहे, आणि जे वाक्य ते खोडायला सांगतील ते कारण न विचारता खोडावे. समारंभ आटोपल्यावर मानपत्राची एक छायाप्रत, ध्वनिमुद्रणे, शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र आणि त्या सात-सात महिन्यांच्या चिठ्ठ्या एकाच फाईलमध्ये ठेवाव्यात; घर बदलताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत, कारण त्या काळातल्या अनेक नोकऱ्यांची नोंद आता त्याच कागदांवर आहे.